राजीनाम्यापूर्वी कमावलेले इन्सेंटिव्ह नोकरी सोडल्यावर नाकारता येते का?

चाकणचा_विक्रेता (धागाकर्ता)

नमस्कार. औद्योगिक एअर कॉम्प्रेसर विकणाऱ्या एका खासगी कंपनीत मी पुणे विभागाचा एरिया सेल्स मॅनेजर होतो. ५ जानेवारी २०२६ रोजी मी राजीनामा दिला, ३० दिवसांचा नोटीस पिरियड पूर्ण केला आणि ४ फेब्रुवारीला बाहेर पडलो. फुल अँड फायनलचा हिशेब आला तेव्हा पगार, शिल्लक रजा वगैरे सर्व व्यवस्थित होते. मात्र इन्सेंटिव्हच्या रकान्यात शून्य आणि पुढे 'नोटीसवर असल्याने अपात्र' असा शेरा होता.

आमचे इन्सेंटिव्ह जीएसटी वगळून दीड टक्का असते आणि तिमाही संपल्यावर दुसऱ्या महिन्याच्या १५ तारखेला जमा होते. वादातले व्यवहार तीन आहेत. पहिल्यात ४२ लाखांची मशिने डिसेंबरपूर्वीच बिल झाली आणि पूर्ण पैसेही डिसेंबरअखेर जमा झाले. दुसऱ्यात १८ लाखांचे बिल डिसेंबरमध्ये झाले, पण ग्राहकाने पैसे २० जानेवारीला, म्हणजे मी नोटीसवर असताना दिले. तिसऱ्यात ३० लाखांची ऑर्डर मी डिसेंबरमध्ये आणली, तीन लाखांचा ॲडव्हान्सही आला. परंतु मशीन मार्चमध्ये जाणार आहे. दीड टक्क्याने अनुक्रमे ६३,०००, २७,००० आणि ४५,००० रुपये, असे एकूण १,३५,००० रुपये होतात.

एचआरचे म्हणणे एवढेच की पॉलिसीत लिहिलेले आहे. काम तर मी केले, पैसे कंपनीला मिळाले. मग ही रक्कम कायद्याने मला मिळायला हवी की नको?

सडेतोड

यात विचार करण्यासारखे काय आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे सर्व पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यावेच लागतात. पूर्वी ही दोन दिवसांची अट फक्त मालकाने काढून टाकलेल्यांसाठी होती, आता राजीनाम्यालाही आहे. शिवाय न दिल्यास दहापटीपर्यंत भरपाई. कामगार कार्यालयात एक अर्ज टाका, कंपनी दुसऱ्या दिवशी चेक घेऊन येईल.

स्नेहल_डोंबिवली

माझे सासरे विमा एजंट होते. त्यांनी काम बंद केल्यानंतरही जुन्या पॉलिसींचे नूतनीकरण कमिशन त्यांना कित्येक वर्षे येत होते. त्यामुळे कमिशन हे एकदा कमावले की कायमचे आपले होते, असा माझा समज आहे. तुमच्या बाबतीत वेगळे का असावे?

कोर्टकचेरी

स्नेहलताई, एजंट हा कंपनीचा नोकर नसतो. त्याचे कमिशन एजन्सीच्या कराराने आणि विम्याच्या नियमांनी ठरते, आणि त्याच्या करकपातीचे कलमही पगाराच्या कपातीहून वेगळे असते. धागाकर्त्यांना फॉर्म १६ मिळत होता, म्हणजे ते नोकरदार. ते उदाहरण येथे उपयोगी पडणार नाही.

सडेतोड, तुमचे अर्धे बरोबर आहे आणि नेमके उरलेले अर्धे या धाग्याचा प्रश्न आहे. राजीनाम्यालाही दोन कामाच्या दिवसांची मुदत लागू झाली हे खरे. परंतु ती मुदत 'वेतना'साठी आहे, आणि वेतन म्हणजे काय ते संहितेने स्वतःच सांगितले आहे. त्या व्याख्येत सुरुवातीला पगार आणि भत्ते घेतले आहेत, आणि त्यानंतर काय धरायचे नाही त्याची यादी दिली आहे. त्या यादीत घरभाडे, प्रवासभत्ता, मालकाचा पीएफ हिस्सा, ओव्हरटाइम यांच्याबरोबर 'कर्मचाऱ्याला देय असलेले कमिशन' स्पष्ट शब्दांत आहे. पुढे असेही म्हटले आहे की वेतन चुकते करण्याच्या बाबतीत या यादीतील काही बाबी पुन्हा वेतनात धरायच्या. त्यांत घरभाडे आहे, प्रवासभत्ता आहे, ओव्हरटाइम आहे, कमिशन नाही.

गंमत अशी की १९३६ च्या जुन्या वेतन प्रदान अधिनियमातील व्याख्या याहून सैल होती. नोकरीच्या अटींनुसार देय असलेला जादा मोबदला, मग त्याला बोनस म्हणा वा दुसरे काही, वेतनात येत असे, आणि त्या शब्दांत कमिशन बसवण्याचा युक्तिवाद करता येई. अडचण होती ती वेतनमर्यादेची. २०१७ पासून ती महिन्याला २४,००० रुपये होती, त्यामुळे एरिया मॅनेजर त्या कायद्याच्या दारातच शिरत नसे. नव्या संहितेने ही मर्यादा काढली आणि व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांनाही कर्मचारी मानले. म्हणजे दार रुंद झाले, पण कमिशन दाराबाहेर राहिले.

सडेतोड

मग कमिशनला कायद्याचे काहीच संरक्षण नाही, असे म्हणायचे आहे का? आणि पन्नास टक्क्यांचा नियम? वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर वरचा भाग वेतनात धरतात, असे मी वाचले आहे.

कोर्टकचेरी

तो नियम आहे, आणि विक्री विभागातील लोकांना त्याचा उपयोग होऊ शकतो. धागाकर्त्यांनी आपली पगाराची फोड दिली तर आकडे मांडून पाहू.

चाकणचा_विक्रेता

महिन्याला मूळ वेतन २०,०००, घरभाडे १०,०००, प्रवासभत्ता ३,००० आणि विशेष भत्ता ५,०००, असे ३८,००० निश्चित होते. नियुक्तिपत्रात त्याखेरीज वर्षाला ३,६०,००० 'टार्गेट व्हेरिएबल' लिहिलेले आहे आणि पुढे 'इन्सेंटिव्ह पॉलिसीनुसार' असे शब्द आहेत.

कोर्टकचेरी

पीएफचा मालकाचा हिस्सा सध्या बाजूला ठेवतो, म्हणजे हिशेब सोपा राहील. व्हेरिएबल महिन्याला सरासरी ३०,००० धरले तर एकूण ६८,००० होतात. वगळण्याच्या यादीत घरभाडे, प्रवासभत्ता आणि कमिशन मिळून ४३,००० जातात. निम्मी रक्कम ३४,०००. म्हणजे वरचे ९,००० वेतन समजले जावेत. विशेष भत्ता यादीत नाही, त्यामुळे तो वेतनातच राहतो. या ९,००० पुरता वेतन संहितेखालील दावा मांडता येईल. कलम ४५ खाली त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.

मात्र तिमाहीला एकदा मिळणाऱ्या रकमेची टक्केवारी महिन्यावर मोजायची, तिमाहीवर की वर्षावर, हा वाद कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला काढील, आणि त्याचे ठाम उत्तर आज माझ्याजवळ नाही. त्यामुळे एवढ्या एकाच खांबावर दाव्याचे घर बांधू नये, असे माझे मत आहे.

कमिशनचे खरे संरक्षण करारात आहे. वेतनाच्या व्याख्येतून ते वगळले म्हणजे ते देणेच लागत नाही, असा अर्थ होत नाही. ते कराराने देय असेल तर ते कंपनीवरील कर्ज आहे आणि कर्ज दिवाणी न्यायालयात वसूल करता येते. मुदत रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षे. म्हणून आता पॉलिसी उघडा आणि दोन गोष्टी शब्दशः येथे लिहा: इन्सेंटिव्ह कोणत्या घटनेने 'कमावले' जाते, आणि नोटीसविषयी नेमके काय म्हटले आहे.

पंचगंगाकाठ

मी औषध कंपनीत प्रतिनिधी होतो. २०१९ मध्ये नोकरी सोडल्यावर माझेही दोन तिमाहींचे इन्सेंटिव्ह अडकवले गेले होते. युनियनच्या मदतीने कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात अर्ज केला. दोन वर्षांनी कंपनीने तडजोड करून बहुतेक रक्कम दिली. त्यामुळे कामगार न्यायालयच बरे, असे मी म्हणेन. दिवाणी दावा म्हणजे नातवंडांसाठी ठेव.

कोर्टकचेरी

पंचगंगाकाठ, तुमचा रस्ता त्या काळी सरळ होता त्याला कारण आहे. वैद्यकीय प्रतिनिधींसाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा होता आणि औद्योगिक विवाद अधिनियमाच्या वेतनाच्या व्याख्येत 'विक्री किंवा व्यवसायवाढीवर देय कमिशन' थेट समाविष्ट होते. त्यामुळे देय रकमेचा हिशेब करून मागण्याची सोय होती. आता त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत विक्री प्रतिनिधींना कामगार म्हणून स्थान आहे. पण वेतनाची व्याख्या तेथेही नव्या साच्यातली आहे आणि कमिशन वगळलेले आहे. शिवाय धागाकर्ते जर खरोखर टीम सांभाळत असतील, रजा मंजूर करत असतील, तर ते त्या संहितेखाली कामगार ठरणार नाहीत. नुसते 'मॅनेजर' हे पदनाम निर्णायक नसते, प्रत्यक्ष काम पाहिले जाते.

चाकणचा_विक्रेता

माझ्या हाताखाली कोणी नव्हते. गाडी, बॅग आणि मी.

पॉलिसी एप्रिल २०२५ मध्ये ईमेलने आली होती. मुद्दा ४: 'बिलापोटी ग्राहकाकडून रक्कम जमा झाल्यावर त्या रकमेवरील इन्सेंटिव्ह अर्जित झाले असे समजले जाईल.' मुद्दा ९: 'पेआउटच्या तारखेस कर्मचारी कंपनीच्या रोलवर असावा व नोटीस पिरियडमध्ये नसावा.' मुद्दा ११: 'कंपनी ही योजना आपल्या मर्जीने कधीही बदलू किंवा मागे घेऊ शकते.' मूळ इंग्रजीचे हे माझे मराठी, पण आशय अचूक आहे.

पगारपत्रक

मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, रागावू नये. मुद्दा ९ बहुतेक कंपन्यांत असतो आणि तो केवळ पैसे दाबण्यासाठी नसतो. विक्री झाली म्हणजे व्यवहार संपला असे नाही. माल परत येतो, क्रेडिट नोट निघते, शेवटचे दहा टक्के ग्राहक मशीन चालू करून देईपर्यंत अडवतो. हे सोडवण्यासाठी माणूस जागेवर लागतो. गेलेल्याचे इन्सेंटिव्ह आधीच दिले आणि नंतर तीन लाखांची क्रेडिट नोट निघाली, तर ते परत कोणाकडून घ्यायचे?

तरीही प्रामाणिकपणे सांगतो, पूर्ण वसुली झालेल्या व्यवहारावर हा मुद्दा लावणे मला स्वतःला पटत नाही. आमच्याकडे तिमाही संपताना अकाउंट्स विभाग इन्सेंटिव्हची तरतूद हिशेबात करून ठेवतो. माणूस गेला की ती तरतूद उलटवली जाते आणि विभागाचा खर्च तेवढाच कमी दिसतो. कोणाच्या ते पथ्यावर पडते, हे मी सांगायला नको.

सडेतोड

मुद्दा ९ हा सरळसरळ दंड आहे. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे दंड वाजवीपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणून तो रद्द ठरतो.

कोर्टकचेरी

कलम ७४ करारभंग झाला तर लागते. ३० दिवसांची नोटीस देऊन, ती पूर्ण करून राजीनामा देणे हा करारभंग नाही, ते कराराप्रमाणेच वागणे आहे. त्यामुळे त्या कलमाने मुद्दा ९ पाडता येईल असे मला वाटत नाही. सार्वजनिक धोरणाविरुद्धची अन्यायकारक अट म्हणून कलम २३ चा आधार घेता येतो. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या करारातील एकतर्फी अट याच विचाराने रद्द केली होती. पण तेथे मालक सरकारी कंपनी होती आणि अट नोकरीवरून काढण्याविषयी होती. खासगी कंपनीचा वकील हा फरक दाखवणारच.

माझ्या मते अधिक भक्कम वाट पॉलिसीच्या आतच आहे. मुद्दा ४ म्हणतो, पैसे जमा झाले की इन्सेंटिव्ह 'अर्जित' झाले. मुद्दा ९ पेआउटच्या दिवसाविषयी बोलतो, पण त्यात कोठेही 'अन्यथा अर्जित इन्सेंटिव्ह जप्त होईल' असे म्हटलेले नाही. मग मुद्दा ९ चा अर्थ काय? कंपनी म्हणेल की ही हक्काची पूर्वअट आहे. आपण म्हणायचे की मुद्दा ४ ने हक्क आधीच निर्माण झाला आहे, आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे असते तर कंपनीने ते स्पष्ट लिहिले असते. मसुदा कंपनीने केला आहे. दोन अर्थ संभवत असतील तर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध अर्थ घ्यावा, हे तत्त्व येथे उपयोगी आहे. मुद्दा ११ ची मला फारशी भीती वाटत नाही, कारण पुढील काळासाठी योजना बदलणे वेगळे आणि झालेल्या तिमाहीचे मागे घेणे वेगळे.

आता तीन व्यवहार वेगवेगळे पाहू, कारण एकत्र १,३५,००० मागितले तर सर्वांत दुबळा भाग सर्वांत बळकट भागाला खाली ओढील. पहिल्या व्यवहारात बिल, वसुली आणि तिमाही सर्व राजीनाम्यापूर्वी संपले. ६३,००० वरचा दावा चांगला आहे. दुसऱ्यात वसुली २० जानेवारीची, म्हणजे तुम्ही नोकरीत होता, पण नोटीसवर होता, आणि पेआउट मार्चच्या तिमाहीचा म्हणून १५ मेचा. मुद्दा ४ पूर्ण होतो, म्हणून २७,००० मागावेत. मात्र ते देय होण्याची तारीखच अजून यायची आहे, तेव्हा आज त्याबद्दल थकबाकी म्हणता येणार नाही. तिसऱ्यात बिलच झालेले नाही. तुमच्या पॉलिसीत ऑर्डर आणणे ही कमाईची घटना नाही. ४५,००० सोडून द्यावेत.

चाकणचा_विक्रेता

तीन लाखांचा ॲडव्हान्स तरी? तो डिसेंबरमध्येच बँकेत जमा झाला आहे. त्यावर ४,५०० होतात.

कोर्टकचेरी

मुद्दा ४ मध्ये 'बिलापोटी' हा शब्द आहे आणि तेव्हा बिल नव्हते. पूर्वी कधी ॲडव्हान्सवर तुम्हाला इन्सेंटिव्ह दिले गेले असेल तर ते पत्रक शोधा. कंपनीने स्वतः तो शब्द कसा वापरला हे त्यातून दिसेल. तसे काही नसेल तर ४,५०० साठी भांडू नका.

पगारपत्रक

मला यापूर्वीच्या वापराचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो केवळ ॲडव्हान्सपुरता नाही. आमच्या क्षेत्रात वरिष्ठ लोक सोडून जातात तेव्हा त्यांना नोटीसमध्ये असतानाही इन्सेंटिव्ह दिल्याची उदाहरणे असतात, कारण ते शांतपणे जावेत अशी इच्छा असते. धागाकर्त्यांच्या कंपनीत असे कोणाला दिले असल्यास मुद्दा ९ सरसकट पाळला जात नाही, हे दाखवता येईल. मात्र ऐकीव गोष्ट चालणार नाही. त्या माणसाने स्वतः आपले पत्रक द्यायला हवे.

आणखी एक, कळकळीने सांगतो. पुरावा म्हणून ग्राहकांच्या याद्या, दरपत्रके किंवा संपूर्ण सीआरएमची फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवली असेल तर ती कोठेही वापरू नका. कंपनी इन्सेंटिव्हचा विषय बाजूला ठेवून गोपनीयता भंगाचा विषय पुढे आणते आणि तक्रारदारच आरोपी होतो. स्वतःचे नियुक्तिपत्र, स्वतःला आलेली पॉलिसी आणि मागील तिमाहींची स्वतःची इन्सेंटिव्ह पत्रके पुरेशी आहेत. वसुलीचा हिशेब न्यायालयामार्फत कंपनीकडून मागवता येतो.

पंचगंगाकाठ

फुल अँड फायनलवर सही केली का? माझ्या वेळी 'माझे काहीही येणे नाही' या कागदावर सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देत नव्हते.

चाकणचा_विक्रेता

सही केलेली नाही. नव्या कंपनीने रिलीव्हिंग लेटरसाठी महिनाभर वेळ दिला आहे, त्यामुळे दडपण आहेच.

कोर्टकचेरी

सही करण्यापूर्वी एक ईमेल पाठवा: हिशेबातील पगार व रजेची रक्कम मान्य असून ती स्वीकारत आहे, डिसेंबर तिमाहीचे ६३,००० रुपये आणि २० जानेवारीच्या वसुलीवरील २७,००० रुपये यांवरील हक्क राखून ठेवत आहे. त्यानंतर कागदावर सही करावीच लागली तर सहीशेजारी 'दि. अमुकच्या ईमेलमधील हक्क राखून' असे लिहा. बिनशर्त सही केली म्हणजे दावा बुडालाच असे नाही, पण ती दबावाखाली केली हे सिद्ध करण्याचे जास्तीचे ओझे तुमच्यावर येते.

नियुक्तिपत्रात वाद कोणत्या शहराच्या न्यायालयात चालेल हेही पाहा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राकेश कुमार वर्मा खटल्यात, नोकरीच्या करारातील असे कलम खासगी नोकरीतही बंधनकारक ठरवले आहे. लवादाचे कलम असेल तर गणित आणखी बदलते.

चाकणचा_विक्रेता

कलम आहे, आणि शहर चेन्नई आहे. लवाद नाही.

सडेतोड

मग संपलेच. नव्वद हजारांसाठी चेन्नईला कोण जाणार? त्यापेक्षा एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात दिवाळखोरीचा अर्ज करण्याची नोटीस द्या, कंपन्या त्याला घाबरतात.

कोर्टकचेरी

मार्च २०२० पासून त्या अर्जासाठी किमान एक कोटीची थकबाकी लागते. नव्वद हजारांवर ती धमकी दिली तर समोरचा वकील हसेल आणि तुमच्या खऱ्या मुद्द्याचे वजनही जाईल.

चेन्नईची अडचण मात्र खरी आहे. ठरावीक रकमेच्या लेखी करारावर संक्षिप्त दावा करता येतो, पण मुद्दा ९ दाखवून कंपनीला बचावाची परवानगी मिळण्याची शक्यता मोठी आहे आणि मग तो नेहमीच्या गतीने चालेल. म्हणून वकिलामार्फत नोटीस पाठवावी, तीत फक्त पहिला व्यवहार थकबाकी म्हणून आणि दुसरा १५ मे रोजी देय म्हणून लिहावा. वेतन संहितेच्या निम्म्याच्या नियमाखालील भाग स्वतंत्र परिच्छेदात ठेवावा. तुमचा मालक बँक वा विमा कंपनी नाही, त्यामुळे तो अर्ज राज्याच्या कामगार यंत्रणेकडे जाईल, आणि वैधानिक प्राधिकाऱ्यापुढे चेन्नईचे कलम कितपत टिकते हा वेगळा प्रश्न आहे. माझ्या मते टिकू नये. तरी यावर दुसऱ्या वकिलाचे मत घ्या.

पगारपत्रक

मी कोर्टकचेरी यांच्याशी एका बाबतीत असहमत आहे. मुद्दा ९ मधील 'पात्रता' इतकी सरळ लिहिलेली आहे की न्यायालय तिला केवळ पेआउटची पद्धत मानेल, असे मला वाटत नाही. पण नोटीस पाठवण्यास माझा विरोध नाही. ती रिजनल मॅनेजरला नव्हे, कंपनी सेक्रेटरी आणि फायनान्स प्रमुख यांना पाठवा. विक्री विभागातून आलेला नकार पुष्कळदा त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

चाकणचा_विक्रेता

हक्क राखून ठेवल्याचा ईमेल आज पाठवला. एचआरने तोंडी सांगितले की पहिल्या व्यवहाराचा 'विशेष बाब म्हणून' विचार करू, मात्र दुसऱ्याचे नाव काढू नये, असे लेखी द्यावे लागेल.

कोर्टकचेरी

त्यांच्याकडून तो प्रस्ताव आधी लेखी घ्या. ६३,००० विनाअट येत असतील तर घ्या. २७,००० सोडल्याचे लिहून मागत असतील तर तो शुद्ध व्यवहाराचा निर्णय आहे, आणि चेन्नईचे कलम पाहता तो स्वीकारण्यात गैर काही नाही. 'विशेष बाब' या शब्दांना मात्र हरकत घ्या. देय तारीख आणि तिमाही यांचा उल्लेख असलेले पत्र मागा, म्हणजे करकपात आणि फॉर्म १६ मध्ये ती रक्कम इन्सेंटिव्ह म्हणूनच दिसेल.